घरच्यांना शाळा दाखवायची होती

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये नोकरी करताना जे पाहिलं ते मी निवृत्तीनंतर लिहून काढलं. त्याचं पुस्तक झालं आणि साताऱ्यात घरगुती कार्यक्रमात त्याचं प्रकाशन झालं. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या काही जणीही आठवणी लिहीत आहेत. त्या मला पुस्तकापेक्षा त्या दिवशीच्या मनोगताबद्दलच जास्त विचारतात: काय बोललीस, काय टाळलंस, कागद हातात होता का? म्हणून ते मनोगत कसं तयार झालं ते सविस्तर लिहिते.

पहिला मसुदा मी प्रत्येक लेखक लिहितो तसा लिहिला होता. जन्म, वडिलांची परिस्थिती, डी.एड., पहिली नेमणूक, बदल्या, लग्न, मुलं, निवृत्ती, मग लिहायला कसं सुचलं आणि शेवटी आभार. घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तेव्हा वीस मिनिटं लागली. मी सावकाश वाचते, मिनिटाला शंभर-एक शब्द. कार्यक्रमात मला बारा मिनिटं मिळणार होती. तेव्हा जवळजवळ निम्मं काढावं लागणार हे कळलं, पण कुठलं निम्मं, हे समजेना. सगळंच खरं होतं आणि सगळंच माझं होतं.

त्याचा उलगडा पाहुण्यांची यादी करताना झाला. मी वहीत नावं लिहीत गेले आणि प्रत्येकासमोर त्या माणसाला माझ्या आयुष्यातलं काय माहीत आहे ते लिहिलं. भावाबहिणींना माहेरचं सगळं माहीत. सासरच्यांना लग्नानंतरचं सगळं माहीत, शिवाय त्यांच्या बाजूने माहीत. सोसायटीतल्या मैत्रिणींना निवृत्तीनंतरचं माहीत. नोकरीतल्या मैत्रिणींच्या रांगा सोडल्या तर सभागृहात बसणाऱ्या बहुतेकांनी मी काम केलेली एकही शाळा कधी पाहिलेली नव्हती. माझ्या स्वतःच्या मुलाने मी सोमवारी पहाटे पिशवी घेऊन जाते आणि शनिवारी संध्याकाळी येते एवढंच पाहिलं होतं. मधल्या दिवसांत मी काय करत होते ते घरातल्या कुणालाही धड ठाऊक नव्हतं, कारण शनिवारी आल्यावर मी घरचंच बोलायचे.

त्या यादीवरून मनोगताचा विषय ठरला. घरच्यांना घर सांगायचं नाही, त्यांना शाळा दाखवायची. माझा जीवनपट पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला होताच, तो भाषणातून पूर्ण काढला. बदल्यांची यादी काढली. राहिली एक शाळा, आणि त्या शाळेतला एक महिना.

तो महिना म्हणजे जुलै १९९८. शाळा जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर. बामणोलीहून लाँचने जायचं, उतरल्यावर चढण. दोन शिक्षकी शाळा. गावातले बरेचसे बापे मुंबईला माथाडी, त्यामुळे शाळेत पालक म्हणून यायच्या त्या आया आणि आज्या. शाळेपासून ओढ्यापलीकडे एक वाडी होती. पावसाने ओढा चढला की वाडीतली मुलं येऊ शकत नसत.

आता तांदूळ. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ ला प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. शिजवलेली खिचडी आपल्याकडे बऱ्याच नंतर आली. सुरुवातीची वर्षं कोरडा तांदूळ दिला जाई, पहिली ते पाचवीच्या मुलाला महिन्याला तीन किलो. अट एकच, महिन्यातली हजेरी ऐंशी टक्के हवी. हे शिक्षिकांना सांगावं लागत नाही. पण माझ्या नणंदेला, भाच्यांना, सुनेला हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नव्हतं. म्हणून मनोगतातली सुरुवातीची दोन-तीन वाक्यं या हिशेबाला दिली: महिन्यात शाळा पंचवीस दिवस भरली तर वीस दिवस हजर असलेल्या मुलाला तांदूळ, एकोणीस दिवस आलेल्याला नाही. सुनेच्या धाकट्या बहिणीला हे आधी घरी वाचून दाखवलं. ती या सगळ्यापासून लांबची, पुण्यात नोकरी करणारी. तिने विचारलं, “मावशी, एकोणीस म्हणजे किती टक्के?” शहात्तर. मग तोही आकडा घातला.

त्या जुलैत ओढा सहा दिवस बंद होता. वाडीतली सगळी मुलं एकोणीस दिवसांवर अडकली. तांदळाच्या दिवशी चौथीतली एक मुलगी दोन पिशव्या घेऊन आली, एक तिची आणि एक दुसरीतल्या भावाची. दोघांचेही एकोणीस. म्हणजे त्या घराचा सहा किलो तांदूळ गेला. हजेरीपट माझ्या हातात होता. केंद्रप्रमुखांना मी आधीच विचारलं होतं आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, समोर बसली तीच मुलं हजर. ते म्हणत होते ते बरोबरच होतं. मी पिशव्या परत दिल्या.

ऑगस्टमध्ये काय केलं हा या प्रसंगाचा दुसरा भाग, आणि मला भाषणात तोच जास्त हवा होता. पाऊस लागून राहणार असं दिसलं की मी संध्याकाळी पाणी कमी असताना ओढा ओलांडून वाडीत मुक्कामाला जायची. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या देवळात वर्ग भरायचा आणि माझे सहकारी गुरुजी इकडची शाळा सांभाळायचे. हे केंद्रप्रमुखांना विचारून केलं. त्यांनी एवढंच बजावलं की वर्ग कुठे भरला तो शेरा हजेरीपटात त्या-त्या तारखेला लिहा. ऑगस्टअखेर वाडीतल्या प्रत्येक मुलाची हजेरी ऐंशी टक्क्यांच्या वर गेली आणि ती खरी होती. तांदूळ मिळाला हे झालंच, पण मला जास्त आनंद वेगळ्या गोष्टीचा होता. देवळात वर्ग भरायला लागल्यावर वाडीतल्या आया पहिल्यांदा बसून शाळा पाहायला लागल्या.

हे पुस्तकात सहा पानं आहे. भाषणात चार मिनिटं.

पण हा प्रसंग चारचौघांत सांगण्याआधी त्या मुलीला विचारणं भाग होतं. पुस्तकात तिचं नाव बदललेलं आहे. ती आता नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहते, तिला स्वतःला दोन मुलं आहेत. मजकूर छपाईला जायच्या आधीच मी तिला फोनवर तो वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाई, सगळं ठेवा. पण मी रडत गेले असं लिहिलंय ते काढा. मी रडले नव्हते. मला राग आला होता.”

माझ्या आठवणीत ती रडत चालली आहे, अजूनही. पण तो चेहरा तिचा होता आणि राग आला होता हे तिच्याशिवाय कुणीच सांगू शकलं नसतं. मी ते वाक्य बदललं. तिला पुढे विचारलं, राग कुणाचा आला होता? “तुमचा नाही. ओढ्याचा.” हे शब्द मी तिच्या परवानगीने पुस्तकात घातले आणि भाषणातही घेतले. आठवणी लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते, की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला मजकूर पाठवू नका, वाचून दाखवा. मजकूर पाठवला की लोक “छान लिहिलंय” म्हणतात. वाचून दाखवताना मात्र जिथे खटकतं तिथे ते थांबवतात, आणि प्रकाशनाच्या आधी आपल्याला तेच हवं असतं.

दुसरी परवानगी आक्कांची, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची. मी लाँचच्या पलीकडे असताना माझा मुलगा साताऱ्यात त्यांनी सांभाळला. पुस्तकात त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि मला ते व्यासपीठावरून वाचायचं होतं. माझ्या दृष्टीने तेच सगळ्यांत मोठं ऋण. मी दुपारी त्यांच्या खोलीत बसून ते प्रकरण वाचलं. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पुस्तकात राहू दे. ज्याला वाचायचं तो घरी वाचेल. पण माइकवर वाचलंस तर सगळी माणसं माझ्याकडे वळून बघतील, आणि माझ्या शेजारी माझी सून बसलेली असेल. तिला वाटेल, हिच्या मुलाचं एवढं केलं, माझ्याच्या वेळी गुडघे दुखत होते.”

हे मला सुचलंच नसतं. घरच्या समारंभात कुणाचं कौतुक केलं की त्याच रांगेत बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी आपलं माप निघाल्यासारखं वाटतं. पुस्तक माणूस एकटा वाचतो. सभागृहात तो आपल्या माणसांच्या मधोमध बसलेला असतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत असतात. त्यामुळे घरातलं नाजूक जे आहे ते पुस्तकात ठेवावं आणि भाषणात आणू नये हे आक्कांनी माझ्यासाठी ठरवून टाकलं. मनोगतात त्यांच्यासाठी एकच वाक्य ठेवलं: “मी पलीकडच्या काठावर निश्चिंत राहू शकले ती आक्कांमुळे.” ते त्यांना चाललं.

आभारांचंही असंच. पहिल्या मसुद्यात नावांची लांबलचक यादी होती. यादी वाचायला लागलं की एखादं नाव सुटण्याची भीती असते आणि ऐकणारा फक्त स्वतःच्या नावाची वाट पाहतो. समारोपाचे आभार माझा भाचा मानणार होता, यादी त्याच्याकडे दिली. मनोगतात तिघांनाच ठेवलं आणि प्रत्येकाबरोबर त्याने केलेलं नेमकं काम सांगितलं: आक्का, माझे सहकारी गुरुजी, आणि तांदूळ मोजायला दर महिन्याला स्वतःची तागडी देणारा गावातला दुकानदार.

यानंतरचं काम भाषेचं होतं. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा वाचून चालत नाही हे मला वर्गातल्या अनुभवावरून माहीत असायला हरकत नव्हती, तरी कानाने ऐकेपर्यंत ते जाणवलं नाही. छापील वाक्य असं होतं: “ओढ्यापलीकडच्या वाडीतून रोज दीड-दोन मैल चालत येणाऱ्या आणि आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी खांद्याला अडकवलेल्या त्या चौथीतल्या मुलीने हजेरीपटाकडे पाहिले.” डोळ्यांना हे वाक्य ठीक आहे, मागे जाऊन पुन्हा वाचता येतं. कानाला मात्र शेवटी “मुलीने” येईपर्यंत कोण येतंय, कोणाची पिशवी, काही हाती लागत नाही. मी ते तोडलं: “एक मुलगी होती. चौथीतली. ओढ्यापलीकडच्या वाडीतून चालत यायची. खांद्याला पिशवी, आईच्या जुन्या लुगड्याची. तिनं हजेरीपटाकडे पाहिलं.” पुस्तकातलं “पाहिले, केले, गेले” भाषणाच्या कागदावर “पाहिलं, केलं, गेलं” असं टाइप करून घेतलं. नाहीतर वाचताना जीभ अडखळते आणि आवाज बातम्या दिल्यासारखा होतो. म्हणून हातात पुस्तक धरून वाचायचं नाही असंही ठरवलं. पुस्तक फक्त दाखवायला, वाचायला कागद.

कागदांबद्दल थोडं. अक्षर मोठं घेतलं, अठरा पॉइंट, ओळींत भरपूर जागा, एकाच बाजूला छपाई. कुठल्याही पानाच्या शेवटी वाक्य अर्धवट तुटणार नाही हे पाहिलं, कारण पान बदलताना आपण थांबतोच, मग तो थांबा वाक्य संपल्यावर यावा. पानं टाचली नाहीत. टाचलेली पानं उलटताना माइकमध्ये मोठा आवाज येतो. सुटी पानं वाचून झाली की डावीकडे सरकवायची, उलटायची नाहीत, आणि कोपऱ्यात मोठे क्रमांक घालायचे, म्हणजे खाली पडली तरी लावता येतात. माझा चष्मा दुहेरी भिंगाचा. कागद टेबलावर सपाट असला की मला मान खाली घालावी लागते आणि तोंड माइकपासून दूर जातं. भाच्याने संगीताच्या क्लासमधून वह्या ठेवायचा स्टँड आणला, त्यावर कागद छातीच्या उंचीला आले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला तो त्या स्टँडमुळे.

कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन गोष्टी मी आग्रहाने बदलून घेतल्या. मुलाने मनोगत सगळ्यांच्या शेवटी ठेवलं होतं, लेखिकेचा मान म्हणून. मी ते पुस्तकाचं प्रकाशन झाल्याबरोबर, पाहुण्यांच्या भाषणाआधी घेतलं. पाहुणे माझ्या ओळखीच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्या लहान मुलांच्या वाचनावर बोलणार होत्या. आधी तांदळाचा प्रसंग ऐकलेला असला तर त्यांच्या बोलण्याला धरायला काहीतरी मिळालं असतं, आणि तसंच झालं. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकविक्रीचं टेबल. ते दारातच लावायचं चाललं होतं. आधी पुस्तक हातात पडलं की घरची माणसं काय करतात हे मला माहीत होतं. ती स्वतःचं नाव शोधतात. मनोगत चालू असताना निम्मं सभागृह पानं चाळत बसलं असतं. म्हणून टेबल बाहेर ओसरीत ठेवलं आणि विक्री कार्यक्रम संपल्यावर सुरू केली.

बोलायला उभी राहिले तेव्हा सुरुवात अशी केली:

“तुम्ही सगळ्यांनी मला सोमवारी जाताना आणि शनिवारी येताना पाहिलंय. आज मी तुम्हाला मंगळवार सांगणार आहे.”

मुलगा पहिल्या रांगेत होता. तो पुढे सरकून बसला ते मला दिसलं. मग पंचवीस दिवस, वीस दिवस, एकोणीस दिवस. तांदळाचं पोतं पन्नास किलोचं, सोळा मुलांना तीन-तीन किलो दिले की अठ्ठेचाळीस, उरलेल्या दोन किलोंत सांडलवंड आणि पोत्याची घट. इथे शिक्षिकांच्या रांगांमध्ये हालचाल झाली. एकीने बसल्या जागेवरून मोठ्याने विचारलं, “तागडी कुणाची होती गं?” मी कागद सोडून उत्तर दिलं, दुकानदाराची, आणि लाँचवरून पोती उतरवताना पाऊस आला तर वर टाकायचं मेणकापडही त्याचंच. मग त्या रांगांतूनच आणखी दोघी बोलल्या, एकीच्या शाळेत तांदूळ बैलगाडीने यायचा, एकीच्या शाळेत डोक्यावरून. मिनिटभर माझं भाषण थांबलं आणि माझ्या नणंदा, भाचे मागे वळून त्या बायकांचं ऐकत राहिले. लिहून आणलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा त्या मिनिटात शाळा जास्त दिसली असं मला वाटतं. बारा मिनिटांचं बोलणं दहाचंच लिहून नेलेलं असावं, ते अशा वेळेसाठी.

मुलीचा प्रसंग मात्र मी कागदावरून शब्दशः वाचला. तिथे आयत्या वेळी शब्द बदलण्याचा अधिकार मला नव्हता, तो मजकूर तिने ऐकून मान्य केलेला होता. “तुमचा नाही. ओढ्याचा” यानंतर मी थांबण्याची खूण कागदावर करून ठेवली होती आणि तिथे थांबले. मग देवळातला वर्ग, आया, ऑगस्टची हजेरी. शेवटी तिघांचे आभार आणि आक्कांचं ते एक वाक्य. आक्कांनी मान वर ठेवून ऐकलं.

नंतर ओसरीत सह्या करताना मुलगा जवळ येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, “आई, ओढा ओलांडून जायचीस तेव्हा पाणी कुठपर्यंत असायचं?” मी सांगितलं, गुडघ्यापर्यंत असेल तरच जायचे. तो म्हणाला, “आणि सकाळी वाढलं असेल तर?” तर वाडीतच राहायचे, दोन दिवस, तीन दिवस. हे त्याने इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, कारण विचारावं असं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

त्या मुलीने आता मला कोपरखैरण्याला बोलावलंय. वाडीतली आणि आसपासच्या गावांतली बरीच घरं तिकडे आहेत, त्यांना पुस्तक ऐकायचंय. मी जाणार आहे, पण हे मनोगत तिथे चालणार नाही. तांदूळ, ओढा, एकोणीस दिवस त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांनी शाळा पाहिलीय, त्यांनी माझं घर पाहिलेलं नाही. बाई शनिवारी लाँचमध्ये बसल्या की कुठे जायच्या, कुणाकडे जायच्या, तिथे कोण वाट पाहायचं, हे त्यांना सांगायचं आहे. आक्कांचं प्रकरण तिथे वाचता येईल. आक्कांना मी विचारलं. तिथे त्यांच्या शेजारी सून बसलेली नसेल, त्यामुळे त्यांची हरकत नाही. फक्त वाचण्याआधी त्यांना ते पुन्हा एकदा ऐकायचं आहे, आणि त्यातले मुलाच्या तापाचे चार दिवस वगळायचे की नाहीत हे त्या ठरवणार आहेत.